अमेरिकेतलं सीपीएल आणि 'परत आल्यावर फक्त कन्व्हर्जन'

प्रश्न: आम्ही तासगावजवळचे द्राक्ष बागायतदार. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहेत. सांगलीतल्या एका एजंटाने अमेरिकेतल्या स्कूलचं कोटेशन दिलंय. ५० हजार डॉलर, १० महिन्यांत कमर्शियल पायलट लायसन्स आणि 'परत आल्यावर फक्त कन्व्हर्जन'. मुलाला चष्मा आहे. मेडिकल तिकडे गेल्यावर होईल म्हणतात. पैसे भरू का? शेवटपर्यंत एकूण किती लागतील?

उत्तर:

पैसे अजून भरू नका. तुमच्या एजंटाच्या बोलण्यात दोन गोष्टी अर्धवट आहेत. एक मेडिकल, दुसरी तो 'फक्त' हा शब्द. मी स्वतः अमेरिकेतून लायसन्स काढून आलो, इथे ते बदलून घेतलं, पुढे बरीच वर्षं पोरांना शिकवलं. आता सांगलीत बसून परत आलेल्या मुलांची लॉगबुकं तपासून देतो. त्यातून जे दिसतं तेच सांगतो.

मेडिकलपासून सुरुवात करू. तिकडे गेल्यावर जे होतं ते अमेरिकेचं मेडिकल. ते तिथल्या उड्डाणासाठी लागतं आणि बऱ्यापैकी सुटसुटीत असतं. त्याचा भारतातल्या मेडिकलशी काही संबंध नाही. इथलं कमर्शियल लायसन्स द्यायच्या वेळी डीजीसीए, म्हणजे भारताचं विमान वाहतूक खातं, क्लास वन मेडिकल मागतं, ते भारताच्या पद्धतीने झालेलं असावं लागतं. तिकडे फिट ठरून, लायसन्स काढून, ५०-६० लाख संपवून आलेला मुलगा इथे अनफिट ठरू शकतो. असा मुलगा मी समोर बसलेला पाहिला आहे. त्याला रंग नीट ओळखता येत नव्हते आणि ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

म्हणून व्हिसाच्या आधी भारतातलं मेडिकल. पहिल्यांदा क्लास टू. हे डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर करतात, तुम्हाला पुणं सोयीचं पडेल. त्याचा निकाल डीजीसीएकडून आला की मुलाचा मेडिकल फाइल नंबर तयार होतो आणि मग क्लास वनला जाता येतं. पहिलं क्लास वन हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात किंवा डीजीसीएने त्यासाठी मान्य केलेल्या केंद्रात होतं. आपल्याकडची मुलं बहुतेक बंगळूरला जातात. मिरजेहून राणी चन्नम्माने रात्रीत पोचता येतं. तिथे ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्त-लघवी, डोळे, कान-नाक-घसा, दात असं सगळं पाहतात. क्लास वन या वयात वर्षभर चालतं, म्हणजे परत येईपर्यंत संपलेलं असेल आणि रिन्यू करावं लागेल. पण पहिली चाळणी पार झालेली असते, तीच महत्त्वाची.

चष्म्याची काळजी सोडा. चष्म्याने नजर नीट होत असेल आणि नंबर फार मोठा नसेल तर चष्म्यासकट फिट मिळतं, तशी नोंद मेडिकलवर येते. लेसरचं ऑपरेशन मात्र मेडिकलच्या तोंडावर करून घेऊ नका. ऑपरेशननंतर नजर स्थिर झाल्याचं दाखवावं लागतं, मध्ये ठरावीक काळ जावा लागतो, आणि तेवढ्यासाठी पोरगं लटकतं.

खरी भीती रंगांची. मिरजेत कुठल्याही चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इशिहारा चार्ट असतो, रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे वाचायचे. पाच मिनिटांचं काम. हा दोष आईच्या बाजूने येतो, त्यामुळे मुलाच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना हिरवा-तांबडा ओळखताना घोळ होत असेल तर चार्टसाठी उद्याच जा. रंगांत अडकलं तर क्लास वनची वाट जवळपास बंद होते. बाकीच्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. कानातला मळ आधी काढून घ्या, नाहीतर ऐकण्याच्या चाचणीत उगाच खाली येतं. वजन आणि रक्तदाब दोन-तीन महिने आधीपासून आटोक्यात आणा. सोनोग्राफीत मुतखडा दिसला तर 'तात्पुरता अनफिट' असा शेरा येतो, खडा निघाल्यावर पुन्हा तपासणी. आपल्या भागात खडे काही कमी नाहीत, तेव्हा इथेच एक सोनोग्राफी करून बघा. आणि जुनं ऑपरेशन, फिट येणं, दमा यातलं काही असेल तर लपवू नका. लपवलेलं नंतर सापडलं की प्रश्न आजाराचा राहत नाही, खोटं सांगितल्याचा होतो.

आता कन्व्हर्जन. लोकांना वाटतं, बाहेरचं लायसन्स दाखवलं की इथलं मिळतं. तसं नाही. डीजीसीए आधी तिकडच्या खात्याकडून लायसन्स खरं असल्याची खात्री करून घेतं. मग मुलाला इथले पेपर पास व्हावे लागतात, ७० टक्के लागतात. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा आहे, ती वेगळी. आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त अडवणारं म्हणजे लॉगबुक. तिकडच्या लायसन्सला किती तास लागले हे इथे कोणी विचारत नाही. भारताच्या नियमात बसणारे तास किती, एवढंच मोजतात. अमेरिकेतली आणि इथली मोजायची पद्धत वेगळी आहे, आणि लाखो रुपये नेमके या फरकात जातात.

भारताचा नियम असा. एकूण २०० तास उड्डाण. त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी त्याच्यावर, शेजारी शिकवणारा नाही. याला आम्ही पीआयसी म्हणतो. त्यात २० तास लांबच्या पल्ल्याचे, त्यांत एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. शिवाय १० तास इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवर उडवलेले, आणि ५ तास रात्रीचे, त्या रात्रीच्या तासांत स्वतः १० वेळा उडून १० वेळा उतरलेलं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग इथे चढवायचं तर वेगळे आकडे आहेत: पीआयसी म्हणून ५० तास लांब पल्ल्याचे आणि ४० तास इन्स्ट्रुमेंटचे.

अमेरिकेत दोन प्रकारची शिकवणी चालते. पार्ट ६१ खाली कमर्शियलला २५० तास लागतात, पार्ट १४१ खाली १९०. एजंट नेहमी १९० वाला विकतो, कारण तो स्वस्त आणि लवकर संपणारा दिसतो. १९० तासांत तिकडे लायसन्स मिळतं. पण इथले २०० भरत नाहीत. हा पहिला खड्डा आणि तो निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही.

अमेरिकेच्या नियमाने, प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यावर मुलाच्या हातात विमानाचं नियंत्रण असेल तर शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही तो तास पीआयसी म्हणून लिहिता येतो. तिसरा खड्डा सेफ्टी पायलटचा. दोन मुलं एकाच विमानात बसतात. एक जण डोळ्यांवर झापड बांधून फक्त यंत्रांकडे बघत उडवतो, दुसरा बाहेर नजर ठेवतो. तिकडे दोघंही त्याच एका तासाची नोंद आपापल्या लॉगबुकात करू शकतात. भाडं निम्मं-निम्मं, तास दुप्पट. स्कूल याला टाइम बिल्डिंग म्हणून आनंदाने विकतं. यात तिकडच्या कायद्याने काहीच चुकीचं नाही. फक्त भारतात इन्स्ट्रक्टर असलेला तास पीआयसी धरत नाहीत आणि सेफ्टी पायलटचा तास धरतच नाहीत.

दोनेक वर्षांपूर्वी पलूस भागातला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. स्कूलने शेवटी दिलेल्या कागदावर एकूण २१६ तास आणि पीआयसी १४४ असं टाईप केलेलं. वडील खूश, कारण दोन्ही आकडे भारताच्या आकड्यांच्या वर. मी लॉगबुक मागितलं आणि दुपारभर बसून एकेक ओळ वेगळी काढली. निघालं ते असं. १२ तास सिम्युलेटरचे, जे स्कूलने एकूणात मिसळले होते. प्रायव्हेट लायसन्सच्या आधीचे इन्स्ट्रक्टरबरोबरचे ४५ आणि एकट्याचे १०. नंतरचे इन्स्ट्रक्टरबरोबरचे ५६, त्यांतले ४१ पीआयसीच्या रकान्यातही लिहिलेले. स्वतः पीआयसी म्हणून उडवलेले ५८. आणि सेफ्टी पायलट म्हणून शेजारी बसलेले ३५.

आता इथल्या मापाने मोजा. २१६ मधून सिम्युलेटरचे १२ आणि सेफ्टी पायलटचे ३५ गेले, राहिले १६९. पीआयसीमध्ये फक्त १० आणि ५८, म्हणजे ६८. एकूणात ३१ तास कमी आणि पीआयसीत ३२ कमी. वडिलांनी दोनदा कॅल्क्युलेटरवर मारून पाहिलं. नशीब एवढंच, की ३२ तास पीआयसी उडवले की दोन्ही आकडे एकदम भरत होते.

तिकडे असतानाच कळलं असतं तर लहान विमान तासाला १७० डॉलरच्या आसपास भाड्याने घेऊन तीन आठवड्यांत संपलं असतं, साडेपाच हजार डॉलरच्या आत. पण व्हिसा संपवून मुलगा घरी आला होता. इथे उडवायचं तर आधी विद्यार्थी वैमानिकाचा परवाना, मग फ्लाइंग क्लबात जागा, मग विमान, हवामान आणि शिकाऊ मुलांची रांग. पैसे जवळपास तेवढेच गेले, पण सात महिने गेले. आणि या सात महिन्यांत दुसरंच काहीतरी संपलं.

ते म्हणजे ताजेपणा. उड्डाणाच्या चाचण्या, दिवसाची, रात्रीची, लांब पल्ल्याची, आणि ते रात्रीचे १० टेक-ऑफ, १० लँडिंग, हे सगळं अर्ज करायच्या आधीच्या सहा महिन्यांतलं लागतं. तिकडच्या अभ्यासक्रमात रात्रीचं उड्डाण मध्येच कुठेतरी होऊन जातं, पुढे इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिन चालतं. मुलगा परत येतो, पेपर देतो, तिकडून लायसन्सच्या खात्रीचं पत्र यायची वाट बघतो आणि एक दिवस मोजतो तर रात्रीचं उड्डाण सहा महिन्यांच्या मागे गेलेलं. माझं स्वतःचं हेच झालं होतं. माझ्या स्कूलने चाचण्या सगळ्या नीट घेतल्या, पण रात्रीच्या लँडिंग अभ्यासक्रमाच्या पाचव्या महिन्यात उरकून टाकल्या. इथे आल्यावर त्या दहा लँडिंगसाठी मला दुसऱ्या राज्यात जाऊन महिनाभर खोली घेऊन राहावं लागलं, कारण रात्री दिवे लागणारी धावपट्टी आणि मोकळं विमान दोन्ही एकाच ठिकाणी मिळेना. आपल्याकडे कराडला धावपट्टी आहे, कवलापूरच्या जागेवर तर वर्षानुवर्षं विमानतळाच्या गप्पाच चालल्या आहेत. रात्रीच्या उड्डाणाला यांतलं काही कामाचं नव्हतं.

त्यावर उपाय सोपा आहे, फक्त आधी ठरवावा लागतो. इथले पेपर जायच्या आधीच देऊन टाका. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन आणि टेक्निकल. घरी सात-आठ महिने बसून होतात. मग परत आल्यावर परीक्षेच्या तारखेची वाट बघत सहा महिने झिजत नाहीत. तिकडे शेवटच्या महिन्यात रात्रीच्या लँडिंग पुन्हा करायच्या आणि भारताला लागणाऱ्या दिवस-रात्रीच्या चाचण्या तिथल्या परीक्षकाकडून त्याच महिन्यात द्यायच्या. त्या चाचण्यांचे रिपोर्ट, परीक्षकाच्या लायसन्सची प्रत, लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर चीफ इन्स्ट्रक्टरची सही-शिक्का, हे विमानतळावर जायच्या आधी हातात घ्यायचं. परत आल्यावर अमेरिकेतल्या माणसाला 'एक सही राहिली' म्हणून मेल करत बसणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

आणि लॉगबुक दोन ठेवा म्हणतो मी मुलांना. एक तिकडच्या नियमाने, स्कूलला लागतं ते. दुसरं साधी दोनशे पानी वही, तिच्यात रोज रात्री भारताच्या मापाने: आज किती, शेजारी कोण होतं, दिवस की रात्र, कुठून कुठे. तास तेच, तारखा त्याच, फक्त मोजणी इथली. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की पीआयसी किती कमी पडतंय ते समजतं. पलूसच्या मुलाने अशी वही ठेवली असती तर चौथ्या महिन्यातच त्याने सेफ्टी पायलटचे तास घेणं थांबवलं असतं.

आता तुमचे ५० हजार डॉलर. डॉलर ८८ रुपये धरतो, तुम्ही भराल त्या दिवशीचा भाव बघा. एक रुपया वर गेला तर एवढ्या रकमेवर ५० हजार रुपये वाढतात. म्हणजे कोटेशन झालं ४४ लाख. हे कोटेशन जवळजवळ नेहमी कमीत कमी तासांवर बांधलेलं असतं. प्रायव्हेट लायसन्सचं कागदावरचं किमान ३५-४० तास, पण प्रत्यक्षात साठेक लागतातच, इंग्रजीत रेडिओवर बोलायची सवय नसलेल्या आपल्या मुलांना तर नक्की. असे २५ जादा तास इन्स्ट्रक्टरसकट धरा, सव्वापाच लाख. परीक्षकाची फी कोटेशनमध्ये नसते. चार चाचण्या, एकेकीला हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेतीन लाख, आणि नापास झाला तर पुन्हा भरायची. भारताचे १०० तास पीआयसी भरायला ३० तास जादा, साडेचार लाख.

राहणं-खाणं हा मोठा आकडा, आणि एजंट तो 'ते तुमच्यावर आहे' म्हणून सोडून देतो. महिना १,३०० डॉलर काटकसरीत, आणि १० महिने विसरा, वादळं, विमानाचं मेंटेनन्स, परीक्षकाची तारीख या सगळ्यात १३ महिने सहज जातात. हे झाले १५ लाख. व्हिसा, सेव्हिस फी, सुरक्षा तपासणीची फी, विमा, तिकिटं मिळून तीनेक लाख. परत आल्यावर मेडिकल, परीक्षा, अर्ज, थोडंफार उड्डाण आणि शहरात राहणं, साडेतीन लाख. सगळी बेरीज ७९ लाखांच्या घरात जाते. आणि एवढं करून हातात येतं ते दोनशे तासांचं लायसन्स. एअरलाइनच्या जेटवर बसायचं तर त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग लागतं, ते बऱ्याचदा आपल्याच खर्चाने, १५ ते २० लाख. ४४ चा आकडा हा असा ९४ ते ९९ पर्यंत जातो. बागेच्या दोन चांगल्या हंगामांवर हिशेब बसवला असेल तर तो पुन्हा मांडा.

फ्लाइंग स्कूलच्या एम-वन व्हिसावर बाहेर काम करून खर्च भागवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. पैसे पाठवताना बँक ठरावीक मर्यादेच्या वरच्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर कापते, ते इन्कम टॅक्समध्ये जुळवता येतं, पण तोवर पैसे अडकतात. आणि पूर्ण फी एकरकमी भरू नका. चांगली स्कूल्स खात्यात थोडे-थोडे डॉलर ठेवायला सांगतात आणि उडवल्याप्रमाणे कापतात. सगळं आधी भरलं तर दोन हजार डॉलर सूट असा प्रस्ताव येईल. ती सूट घेऊ नका. स्कूल मध्येच बंद पडलं तर अमेरिकेत जाऊन भांडणार कोण?

कोणी चार वर्षांची एव्हिएशनची डिग्रीही सुचवेल. भारतात कमर्शियल लायसन्सला डिग्री लागत नाही. डिग्रीत उड्डाण असलं तरी कन्व्हर्जनला वरचाच सगळा हिशेब लागू होतो. फक्त खर्च काही पट होतो. मुलाला तिकडेच इन्स्ट्रक्टर म्हणून काही काळ राहायचं असेल तर तो वेगळा विचार आहे. तुमच्या प्रश्नावरून तसं वाटलं नाही.

एजंटाला आता एकच काम सांगा. स्कूलकडून ईमेलवर लेखी आणायचं: त्या ५० हजारांत एकूण किती तास आहेत, त्यांत सिम्युलेटर किती, इन्स्ट्रक्टरबरोबर किती, आणि इन्स्ट्रक्टरबरोबरचे किंवा सेफ्टी पायलट म्हणून बसलेले तास न मोजता निव्वळ पीआयसी किती. रात्रीचे किती, लांब पल्ल्याचे किती. परीक्षकाची फी धरली आहे का. जादा तासाचा दर काय. ज्या स्कूलमधून भारतीय मुलं परत येऊन लायसन्स घेऊन बसली आहेत, ती हे आकडे एका दिवसात देते, कारण त्यांच्याकडे तो तक्ता तयारच असतो. 'आमची सगळी मुलं कन्व्हर्ट होतात' एवढंच उत्तर आलं तर दुसरी स्कूल बघा.

हे उत्तर येईपर्यंत तुम्ही इथली कामं उरका. या आठवड्यात मिरजेला इशिहारा. तो पार झाला की पुण्याला क्लास टू. त्याच वेळी डीजीसीएच्या परीक्षांसाठी कॉम्प्युटर नंबरचा अर्ज करा. त्याला दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी लागते आणि त्यात वेळ जातो. मुलाचं आणि वडिलांचं नाव दहावी, बारावी, आधार आणि पासपोर्ट चारही ठिकाणी सारखं आहे का ते आजच बघा. एका ठिकाणी 'पाटील' आधी आणि एका ठिकाणी शेवटी, एवढ्यावरून महिना-महिना गेलेली मुलं आहेत.